व्याज वेळेवर येतं, मग मुद्दल जाते कुठे?

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा हंगाम संपतो, उसाचं शेवटचं बिल खात्यावर पडतं, किंवा मुंबईत तीस वर्षं नोकरी करून गावी परतलेल्या माणसाला फंडाचे पैसे मिळतात. जुन्नर-आंबेगावच्या घराघरांत मग एकच विषय निघतो : हे पैसे ठेवायचे कुठे? बँक वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास देते. अशा वेळी ओळखीतलाच कुणी तरी येतो. बहुतेकदा तो भाचा असतो, मेहुणा असतो किंवा शाळेतला सोबती. तो सांगतो, “मामा, बँकेत कशाला कुजवता? आमची फायनान्स पेढी दोन टक्क्यानं घेते. माझे स्वतःचे तिथंच आहेत. दोन वर्षं झाली, एक हप्ता चुकला नाही.”

तो खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर दोन वर्षं दर महिन्याला व्याज मिळालेलं असतं. पेढी बुडाल्यावर सगळ्यांना कोडं पडतं ते याचंच : इतका चोख व्यवहार होता, शेवटच्या महिन्यापर्यंत व्याज आलं, मग मुद्दल एकाएकी गेली कुठे?

ती एकाएकी गेलेली नसते. पहिल्या महिन्यापासून थोडी थोडी जात असते, आणि जी व्याज म्हणून हातात पडते तीच कित्येकदा आपली मुद्दल असते. हे कसं घडतं ते नीट समजलं, तर पेढी कोसळण्याच्या वर्षभर आधीही त्याच्या खुणा दिसू शकतात.

दोन टक्के म्हणजे वर्षाला किती?

बँकेचा दर नेहमी वर्षाचा असतो. गावच्या सावकारी बोलीत टक्का महिन्याचा असतो. त्यामुळे ‘दोन टक्के’ म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि ‘दीड टक्का’ म्हणजे 18. दामदुप्पट योजनेत तर दराचा आकडा सांगतच नाहीत, फक्त मुदत सांगतात. तिथे एक सोपा हिशेब कामाला येतो. 72 या आकड्याला मुदतीच्या वर्षांनी भागलं की व्याजाचा दर साधारण कळतो. चार वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला 18 टक्क्यांच्या जवळपास, तीन वर्षांत दुप्पट म्हणजे 24. पोस्टाच्या किसान विकास पत्राचा दर एप्रिल 2023 पासून साडेसात टक्के झाला, तेव्हा त्यात पैसे दुप्पट व्हायला 115 महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त लागतात असं सरकारनंच जाहीर केलं. सरकारला जे करायला साडेनऊ वर्षं लागतात ते पेढी तीन-चार वर्षांत करत असेल, तर ती असा कोणता धंदा करते हे विचारायलाच हवं.

फायनान्स पेढीचा धंदा एकच : एकाकडून ठेव घ्यायची आणि दुसऱ्याला कर्ज द्यायचं. ठेवीदाराला 24 टक्के द्यायचे असतील तर कर्जदाराकडून किती घ्यावे लागतील ते मांडून पाहू.

समजा, पेढीकडे शंभर रुपये ठेव आली. तिच्यावर वर्षाला 24 रुपये व्याज द्यायचं. ठेव आणणाऱ्या एजंटाला तीन रुपये. गाळ्याचं भाडं, पगार, वीज, गाडी यांचे तीन. म्हणजे खर्च 30 रुपये झाला. सगळे शंभर रुपये कर्जाने देता येत नाहीत, कारण रोज कुणी ना कुणी पैसे काढायला येणार. म्हणून दहा रुपये हाताशी ठेवून 90 रुपये कर्जाने दिले. त्यातले शंभराला पाच या प्रमाणात बुडाले असं धरू, आणि हे प्रमाण मी कमीच धरतो आहे. साडेचार रुपये गेले. आता उरलेल्या साडेपंच्याऐंशी रुपयांच्या चांगल्या कर्जातून 30 अधिक साडेचार, म्हणजे साडेचौतीस रुपये निघायला हवेत. भागाकार केला तर दर येतो वर्षाला 40 टक्के. यात मालकाला एक पैसाही नफा मिळालेला नाही.

चाळीस टक्क्यांनी कर्ज कोण घेतं?

आपल्या भागात शेतकऱ्याला विविध कार्यकारी सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं पीककर्ज मिळतं आणि तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्र-राज्याच्या व्याज सवलतीमुळे ते शून्य टक्क्यानं पडतं. ट्रॅक्टरला, पिकअपला, दुभत्या जनावरांना बँका आणि पतसंस्था कर्ज देतात. सोनं तारण ठेवलं तर तासाभरात पैसे मिळतात. हे सगळे दरवाजे ज्याला बंद झाले तोच 40 टक्क्यांच्या दारात उभा राहतो. त्याचं आधीचं कर्ज थकलेलं असतं, जमिनीवर बोजा असतो, किंवा धंदा इतका बेभरवशाचा असतो की कुणी हात लावत नाही.

असा माणूस फेडणार कशातून? जुलै 2023 मध्ये नारायणगावला टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेलं. त्या महिन्यात कुणीही कितीही टक्के फेडले असते. पण त्याच वर्षी पुढच्या काही आठवड्यांत दर कोसळले, आणि तोडणीची मजुरीही सुटत नाही म्हणून टोमॅटो शेतात सोडून देण्याचे हंगाम इथल्या शेतकऱ्यानं कितीदा पाहिलेत. दर वर्षी, न चुकता, खर्च वजा जाता 40 टक्के सुटतील असा शेतीतला किंवा बाजारपेठेतला धंदा मला ठाऊक नाही. एखादं वर्ष असतं. सलग पाच वर्षं नसतात. आणि ठेवीचं व्याज मात्र पाचही वर्षं, साठही महिने द्यायचं असतं.

म्हणून अशा पेढीसमोर दोनच वाटा उरतात. फेडू न शकणाऱ्यांना कर्ज देऊन थकबाकी वाढवत न्यायची, किंवा कर्ज देण्याच्या फंदातच न पडता ठेवीदारांच्या पैशातून ठेवीदारांना व्याज द्यायचं. अनेक पेढ्या पहिल्या वाटेनं निघतात आणि थकबाकी वाढली की दुसरीवर येतात. सुरुवातीला मालकाची नियत चांगलीच असेल, हेही शक्य आहे. हिशेबाला नियतीशी देणंघेणं नसतं.

झरा नसलेलं शेततळं

आपल्याकडे शेतकऱ्यानं कागद अंथरून शेततळं केलेलं असतं. ते विहिरीसारखं नसतं. त्याला झरा नाही. पावसाळ्यात एकदा भरलं की तेवढंच पाणी. पण ठिबकच्या नळीतून थेंब पडताना पाहणाऱ्याला पाणी झऱ्याचं की साठ्याचं हे कळत नाही. तळं काठोकाठ असो की तळाला टेकलेलं असो, थेंब सारखाच पडतो. आणि एक दिवस पडायचा थांबतो. पेढीचं व्याज म्हणजे हा थेंब.

आता आकडे घालू. समजा, पेढीनं एक कोटी रुपये ठेवी गोळा केल्या, महिना दोन टक्क्यानं. समजा, तिनं कुणालाच कर्ज दिलं नाही, एक रुपयाही कमावला नाही, पैसे नुसते कपाटात ठेवले. महिन्याचं व्याज होतं दोन लाख. कपाटातल्या एक कोटीतून ती हे व्याज 50 महिने देऊ शकते. चार वर्षं आणि वर दोन महिने, एक हप्ता न चुकवता, एक पैसा न कमावता! त्यातले निम्मे पैसे मालकानं पहिल्याच दिवशी गाडी-बंगल्यात घातले, तरी 25 महिने व्याज चोख जाईल. भाच्याचं ‘दोन वर्षं झाली, एक हप्ता चुकला नाही’ हे वाक्य इथे येऊन पोकळ ठरतं. दोन वर्षांच्या चोख व्याजातून एवढंच सिद्ध होतं की तळ्यात अजून पाणी आहे.

दरम्यान, आतली स्थिती काय असते? पहिल्या वर्षाअखेर कपाटात 76 लाख, देणं मात्र पूर्ण एक कोटी. दुसऱ्या वर्षाअखेर 52 लाख, देणं तेच एक कोटी. त्या दिवशी निम्म्याहून थोडे जास्त ठेवीदार मुद्दल मागायला आले की पेढी बंद. ते आले नाहीत म्हणून ती चालू आहे.

हे भोक झाकायचा एकच उपाय मालकाकडे असतो : नव्या ठेवी. जितकं व्याज द्यायचं तितकी नवी ठेव दर महिन्याला आली तर कपाटातले एक कोटी हलत नाहीत. पण नव्या ठेवीवरही दोन टक्के द्यायचे असतात. अशा रीतीनं देणं दर महिन्याला दोन टक्क्यांनी फुगतं आणि साधारण तीन वर्षांत दुप्पट होतं. एक कोटीचं देणं दोन कोटी होतं, कपाटात मात्र एकच कोटी. आधी महिन्याला दोन लाखांची नवी ठेव पुरत होती, आता चार लाख लागतात, आणखी तीन वर्षांनी आठ लाख. तालुक्यातली बचत करणारी माणसं दर तीन वर्षांनी दुप्पट होत नाहीत. कुठे तरी नवी माणसं संपतात, आणि त्याच्या थोडं आधी पेढीची वागणूक बदलते. ती बदललेली वागणूक बाहेरून दिसते.

सगळ्यात आधी दिसतो तो वाढलेला दर. बँकांचे दर जिथल्या तिथे असताना पेढीनं दीडवरून पावणेदोन, मग दोन टक्के केले, तर तिला भरभराट आली असा अर्थ लावू नये. तिला आज रोकड हवी आहे आणि ती कुठल्याही भावानं विकत घेते आहे, असाच त्याचा अर्थ. सोबतच एजंटाचं कमिशन वाढतं, नव्या ठेवीवर चांदीचं नाणं किंवा कुकर येतो, शेजारच्या तालुक्यात घाईघाईनं शाखा उघडते. यातली एखादी गोष्ट सुटी घडली तर विशेष नाही. तिन्ही एकाच सहामाहीत घडल्या तर सावध व्हावं.

बीडमध्ये काय झालं

फार मोठा दर असेल तरच धोका, असंही नाही. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट ही पतसंस्था ठेवींवर 12 ते 14 टक्के देत होती. महिना दोन टक्क्यांपुढे हा दर कुणालाही सोज्वळ वाटेल. मराठवाड्यातल्या शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी, निवृत्त माणसांनी तिथे ठेवी ठेवल्या. संस्थेचे अध्यक्ष सुरेश कुटे हे तेल आणि इतर उद्योगांच्या कुटे समूहाचेही प्रमुख होते, आणि लोकांच्या नजरेत तीच मोठी खात्री होती : एवढे कारखाने आहेत, पैसा कुठे जाणार? ऑक्टोबर 2023 मध्ये समूहावर आयकर खात्याचे छापे पडले. बातमी पसरताच शाखांपुढे रांगा लागल्या आणि ठेवी परत मिळेनाशा झाल्या. 2024 मध्ये कुटे यांना अटक झाली. सक्तवसुली संचालनालयाचा, म्हणजे ईडीचा आरोप असा की लाखो ठेवीदारांचे सुमारे 2,300 कोटी रुपये कर्ज म्हणून अध्यक्षांच्याच समूहातल्या कंपन्यांकडे वळवले गेले, आणि तेही पुरेशा तारणाशिवाय. आरोप सिद्ध होतो की नाही ते न्यायालय ठरवेल. ठेवीदारानं मात्र यातून एक यंत्रणा समजून घ्यावी.

चांगली पतसंस्था हजारो लहान कर्जदारांना कर्ज देते. त्यातले पाच-पन्नास बुडाले तरी बाकीचे फेडत राहतात. पण कर्ज घेणारा आणि देणारा एकच असेल, तर वसुलीची नोटीस कोण कुणाला काढणार? कारखान्यानं हप्ता भरला नाही तर संस्था त्यालाच आणखी कर्ज देते, त्या नव्या कर्जातून जुन्याचं व्याज ‘वसूल’ झालं असं दाखवते आणि ताळेबंदात नफा दिसतो. अशा वेळी वार्षिक अहवालात एक ओळ बोलते : ‘येणे व्याज’. मिळायला हवं, पण अजून हातात न आलेलं व्याज तिथे लिहिलेलं असतं. संस्थेचा नफा वाढतोय आणि येणे व्याज त्याहून वेगानं वाढतंय, म्हणजे नफा कागदावर आहे, रोकड आलेली नाही. वार्षिक सभेत अहवालाची प्रत सभासदाला मिळते. बहुतेक जण ती चहा-नाश्त्याबरोबर घडी घालून खिशात ठेवतात. निदान ही एक ओळ मागच्या वर्षीच्या अहवालाशेजारी ठेवून पाहावी.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. रांग लागली म्हणजे पेढी लबाडच होती असं नाही. ठेव एक वर्षाची आणि कर्ज पाच वर्षांचं असेल, तर प्रामाणिक संस्थाही एका आठवड्यात सगळ्यांचे पैसे देऊ शकत नाही. फरक ओळखायचा तो उत्तरांवरून. प्रामाणिक संस्था कर्ज कुठल्या प्रकारचं, तारण काय, थकबाकी किती, महिन्याची वसुली किती हे सांगू शकते, आणि पुढच्या महिन्यांत वसुलीप्रमाणे सगळ्यांना सारख्या प्रमाणात पैसे देते. पोकळ झालेली संस्था मालकाच्या प्रतिष्ठेबद्दल, मंदिराला दिलेल्या देणगीबद्दल आणि विरोधकांच्या कटाबद्दल बोलते.

मुदत भरते त्या दिवशी

पेढीची खरी परीक्षा व्याजाच्या तारखेला होत नाही; मुद्दल मागायच्या दिवशी होते. व्याज म्हणजे शंभरातले दोन, मुद्दल म्हणजे शंभर. म्हणून अडचणीतली पेढी दोन रुपये सांभाळते आणि शंभर अडवते.

मुदत भरायच्या पंधरवडाभर आधी एजंट घरी येतो. “ताई, काढून काय करणार? पुन्हा ठेवा, पाव टक्का वाढवून देतो.” हे सगळीकडेच घडतं, त्यात फार काही नाही. पण ‘नाही, मुलीचं लग्न आहे, पैसे हवेत’ असं सांगितल्यावर काय होतं ते पाहावं. ठणठणीत पेढी त्या दिवशी किंवा दोन दिवसांत पैसे देते. अडचणीतली पेढी आधी ‘साहेब बाहेरगावी आहेत’ म्हणते. मग निम्मे घ्या, निम्म्याची नवी पावती घ्या म्हणते. मग पुढच्या तारखेचा चेक देते. मग पैशांऐवजी प्लॉट घ्या, आमच्या दुसऱ्या कंपनीचे शेअर्स घ्या, असं सुरू होतं. या पायऱ्या जवळजवळ ठरलेल्या असतात. प्लॉटची पायरी आली म्हणजे रोकड संपली आहे, असं मी तरी समजेन.

एक गोष्ट विशेष फसवी. या काळात लहान ठेवीदारांना आणि गावातल्या वजनदार माणसांना पैसे लगेच मिळतात. वीस हजारांची ठेव लगेच देऊन टाकली की शंभर लोक बाजारात ‘मला मिळाले’ म्हणून सांगतात, आणि दहा लाखवाल्याची तक्रार त्या आवाजात बुडून जाते. म्हणून चौकशी करायची तर ज्याच्या मोठ्या ठेवीची मुदत नुकतीच भरली आणि ज्याला ती परत घ्यायची होती, त्याच्याकडे करावी. त्याचं उत्तर पन्नास समाधानी माणसांपेक्षा मोलाचं.

स्वतःसाठी एक साधी चाचणीही आहे. ठेव मोठी असेल तर तिचा चांगला मोठा भाग मुदत भरताच खरोखर काढून घ्या आणि तो बँकेतल्या खात्यावर जमा होईपर्यंत उरलेल्याचं नूतनीकरण करू नका. व्याज किती वेळा मिळालं याने काही कळत नाही. मुद्दल एकदा विनासायास परत आली तर बरंच कळतं. तेही त्या दिवसापुरतंच.

पावतीवर काय लिहिलंय

1975 मध्ये कोलकात्यात संचयिता इन्व्हेस्टमेंट्स नावाची भागीदारी पेढी निघाली. तिचं भांडवल होतं 7,000 रुपये. ती ठेवीदारांना वर्षाला 48 टक्के देत असे, पुढे ते 36 वर आणले. कागदावर मात्र व्याज लिहिलेलं असे 12 टक्के; वरचे पैसे गुपचूप हातात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1982 मध्ये तिथे असं दिसलं की त्या वेळच्या इनामी चिठ्ठ्या आणि पैसे फिरवण्याच्या योजनांवरच्या बंदी कायद्यात हा प्रकार बसतच नाही. त्यानंतर कायद्यातल्या फटी बुजवायला सुरुवात झाली.

या जुन्या गोष्टीतली एक खूण आजही तशीच आहे : तोंडी दर एक, पावतीवर दुसरा. ‘वरचे रोख देतो’ असं कुणी म्हणालं की दोन गोष्टी नक्की होतात. पेढीला आपला खरा दर कुणा अधिकाऱ्याला दिसू द्यायचा नाही, आणि उद्या दावा करायची वेळ आली तर ठेवीदाराच्या हातात फक्त कागदावरचा दर राहणार.

पावतीवर नाव कुणाचं आहे तेही पाहावं. दारावरची पाटी एका कंपनीची आणि पावती ‘अँड कंपनी’ किंवा ‘अँड सन्स’ अशा भागीदारी संस्थेची, असं असू शकतं. पुण्याच्या डीएसके प्रकरणात कंपनीबरोबर भागीदारी संस्थांच्या नावानंही ठेवी घेतल्याचं समोर आलं, तेव्हा आपली पावती नेमकी कुणाची हे कित्येक ठेवीदारांना पहिल्यांदा कळलं. कधी पावतीवर ठेव हा शब्दच नसतो. ‘हातउसने’, ‘व्यवसायातील सहभाग’ किंवा ‘आगाऊ रक्कम’ लिहिलेलं असतं. ठेवीच्या कायद्यातून सुटण्यासाठी केलेली ही व्यवस्था असते.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण इथे ठेवीदाराला हिशेबाची गरजच पडत नाही. फायनान्सचा धंदा करणारी व्यक्ती किंवा भागीदारी पेढी लोकांकडून ठेवी घेऊच शकत नाही. रिझर्व्ह बँक कायद्याच्या 45-एस कलमानं 1997 पासून ही बंदी आहे. नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज वेगळं. कंपनी असेल तर तिला रिझर्व्ह बँकेची नोंदणी लागते, आणि ठेवी घेण्याची परवानगी त्यातही वेगळी लागते. देशात हजारो नोंदणीकृत वित्त कंपन्या आहेत, पण अशी परवानगी असलेल्या पन्नासही नाहीत. त्यांनाही वर्षाला साडेबारा टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही, आणि बारा महिन्यांपेक्षा कमी किंवा साठ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीची ठेव घेता येत नाही. म्हणजे ‘महिना दोन टक्के, हवे तेव्हा काढा’ असं म्हणणाऱ्या फायनान्स कंपनीनं एका वाक्यात दोन नियम मोडलेले असतात.

> चौकट : भिंतीवरचे दाखले
>
> पेढीच्या भिंतीवर फ्रेम केलेले दाखले बहुतेक वेळा खरे असतात, पण त्यांचा ठेवीशी संबंध नसतो. कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटी क्रमांक, शॉप अॅक्ट, उद्यम नोंदणी, आयएसओ यांपैकी एकही ठेवी घेण्याची परवानगी नाही. ती आहे का हे रिझर्व्ह बँकेच्या sachet.rbi.org.in या संकेतस्थळावर शोधता येतं, आणि तिथेच तक्रारही करता येते.
>
> बँक बुडाली तर प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेतल्या मुद्दल-व्याजासह पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकेलाही तो लागू आहे. फायनान्स कंपनी, पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्था यांच्या ठेवींना हा विमा नाही, मग नावात ‘बँकिंग’सारखा कितीही भारदस्त शब्द असो.

शंका आली, मग

पहिली गोष्ट, मुदत भरली असेल तर मागणी लेखी करा आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी चकरांचा पुरावा राहत नाही. पुढच्या तारखेचा चेक घेतलाच, तर तारखेनंतर तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरा. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस असतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. ‘आठवडाभर थांबा’ या विनंतीमागे कित्येकदा हे दिवस संपवण्याचा हेतू असतो.

दुसरी गोष्ट, महाराष्ट्रात 1999 पासून ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा वेगळा कायदा आहे. पोलीस आणि वकील त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. ठेव परत न देणाऱ्या संस्थेची आणि तिच्या चालकांची मालमत्ता या कायद्याखाली जप्त करता येते, ठेवींच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर घेतलेलीसुद्धा. तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात द्यायची. मोठं प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जातं. 2019 च्या केंद्रीय कायद्यानं बेकायदा ठेव योजनांवर सरसकट बंदी आली आणि त्यात लोकांना ठेवी ठेवायला लावणारा एजंटही गुन्हेगार ठरतो. ठेवी गोळा करणाऱ्या भाच्याला हे वेळेवर सांगणं त्याच्याही भल्याचं आहे.

जप्तीनंतर लिलाव आणि वाटप व्हायला मात्र वर्षं जातात, आणि त्या थकव्याचा फायदा घेणारे तयार असतात. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेचं प्रकरण याचं उदाहरण. संस्था बुडाल्यावर 2015 मध्ये तिच्यावर सरकारी अवसायक आला. 2020 मध्ये पुणे पोलिसांनी जो गुन्हा नोंदवला त्यातला आरोप असा होता की गरजू ठेवीदारांच्या पावत्या निम्म्याहून कमी पैशांत विकत घेतल्या गेल्या, आणि बड्या कर्जदारांनी त्या पूर्ण किमतीनं आपल्या कर्जात वळत्या करून घेतल्या. म्हणजे ज्यांच्यामुळे पैसे अडकले त्यांचंच कर्ज ठेवीदाराच्या पावतीनं फिटलं. म्हणून पेढी अडचणीत आल्यावर मूळ पावती ‘नोंद करायला’, ‘नूतनीकरणाला’ किंवा ‘वरच्या ऑफिसला पाठवायला’ कुणी मागितली तर ती देऊ नका. झेरॉक्स द्या, तिच्यावर तारीख घालून घेणाऱ्याची सही घ्या, आणि मूळ पावती घरातच ठेवा.